कवटीचा कर्ता

भिंगाखाली त्या पिवळ्या तोंडाचे वरचे दात स्पष्ट दिसले आणि मुद्रितशोधकानं भिंग आणखी जवळ नेलं. तीस वर्षं त्यानं हे भिंग वापरलं होतं. औषधाच्या डब्यांतल्या घडीच्या पत्रकांवर मिलिग्रॅमच्या आधीचा दशांश बिंदू आहे की शाईचा डाग, हे त्यातून बघायचं, एवढंच त्याचं काम. आज पहिल्यांदाच त्यानं ते फोनच्या काचेवर धरलं होतं. शेजारी भाची उभी होती. नाव काहीही असो, घरात तिला मुंगी म्हणत, आणि पंधरा वर्षांची होऊनही उंचीनं ते नाव खोटं पाडलं नव्हतं. "बघ ना नीट," ती म्हणाली. "दात दिसतायत. डोळे वर वाकलेत. मामा, ते हसतंय." तो म्हणाला, "अगं, डोळ्यांतून पाणी चाललंय त्याच्या." "हसून पाणी येतं मामा. हसून!" आणि ते तोंड ज्या ओळीच्या शेवटी बसलं होतं ती ओळ त्यानंच सकाळी लिहिली होती. मुख्याध्यापिकांनी कळवलं होतं की आपल्या भाचीनं गणिताच्या शिक्षिकांना जिवे मारण्याची धमकी दिली आहे, तिला वर्गाबाहेर काढलं आहे, उद्या अकरा वाजता चौकशीसाठी हजर राहावं, आरोप खरा ठरल्यास शाळा सोडल्याचा दाखला देण्यात येईल. आणि त्यानं उत्तर दिलं होतं : वाचून अतिशय दुःख झालं, उद्या येतो 😂. संदेशाखाली दोन निळ्या खुणा होत्या. मुख्याध्यापिकांनी तो वाचला होता.

एका क्षणात त्याला गेली सहा वर्षं आठवली. सहा वर्षं तो हे तोंड पाठवत होता. प्रेसच्या मालकांचे वडील गेले तेव्हा पाठवलं. बायंडरच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा एक नाही, तीन पाठवली, कारण मुलगी गुणी होती. जुन्या शेजाऱ्यांच्या बायकोच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पाठवलं. दोन थेंब दिसत होते. माणसाच्या डोळ्यांत पाणी म्हणजे दुःख, असा त्याचा सरळ हिशेब होता. आता एकेक चेहरा समोर उभा राहायला लागला आणि प्रत्येक चेहऱ्यापुढे आपण दात काढून उभे आहोत असं त्याला दिसलं. प्रेसमध्ये त्याला सगळे 'अनुस्वार' म्हणत, एक तर चण लहान म्हणून, आणि दुसऱ्याच्या डोक्यावर बसून चुका काढतो म्हणून. पाव मिलिमीटरची चूक पकडणारा अनुस्वार सहा वर्षं मयताच्या घरी हसत होता! बरं, कुणी काही बोललं का नाही? मालकांनी तर उलट 'धन्यवाद' म्हणून हात जोडले होते. हा विचार तेव्हा नुसता आला आणि गेला. पुढे त्याच विचारानं त्याला तारलं, पण त्या दुपारी त्याला फक्त जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं.

"आणि तू काय लिहिलं होतंस?" त्यानं विचारलं. मुंगीनं फोन पुढे केला. वर्गाचा अधिकृत ग्रुप. त्यात शिक्षकही होते. गणिताच्या मॅडमनी मंगळवारी संध्याकाळी लिहिलं होतं की उद्या त्रिकोणमितीची चाचणी आहे, ज्यांनी अजून पुस्तक उघडलेलं नाही त्यांनी घरच्यांचा नीट निरोप घेऊनच यावं, आणि शेवटी तेच पिवळं हसरं तोंड. खाली मुंगीचं उत्तर : मॅडम 💀💀💀 उद्या. बस. एवढंच. त्यानं ते वाचलं, पुन्हा वाचलं. मॅडम, तीन कवट्या, उद्या. दुसरा काय अर्थ निघणार? त्यात आदल्याच आठवड्यात मॅडमच्या स्कूटरच्या दोन्ही चाकांची हवा कुणीतरी सोडली होती आणि सीटवर खडूनं फुली मारली होती. त्या बाई एकट्या राहत. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही पोलिसांकडे गेलो असतो, असं त्याच्या मनात आलं, आणि ते मनात आल्याचीच त्याला भीती वाटली. मुंगीची आई, म्हणजे त्याची धाकटी बहीण, मालवाहू जहाजावर स्वयंपाक करायची. पुढचं बंदर नऊ दिवसांवर होतं. दोन वर्षांपूर्वी जाताना ती म्हणाली होती, "दादा, दहावी होईपर्यंत सांभाळ हिला, बाकी काही मागत नाही." दहावीची परीक्षा चार महिन्यांवर आली होती. अशा वेळी दाखला हातात पडला तर कुठली शाळा उभं करणार होती?

"तुला मॅडमना मारायचं होतं?" त्यानं विचारलं. प्रश्न किती मूर्खपणाचा आहे हे बोलता बोलताच कळलं. "मामा, मला हसू आलं होतं. मॅडम भारी बोलल्या म्हणून. मी मेले असं लिहिलंय मी. आणि उद्या चाचणी म्हणून टेन्शन." ती रडत नव्हती, पण आवाज कुठल्या कुठे गेला होता. "कवटी म्हणजे हसू?" "हो!" "आणि मग हे?" त्यानं ते दातवालं तोंड दाखवलं. "ते जुनं झालं. ते आता आमच्यात कुणी वापरत नाही. ते तुम्ही लोक वापरता."

तुम्ही लोक. हे दोन शब्द त्याला लागायला हवे होते. पण ते ऐकताच त्याच्यातला धंदेवाईक माणूस खुर्चीत सरळ बसला. एखादी खूण कुणी वापरतं आणि कुणी टाकून देतं, तिच्या जागी दुसरी येते, जुनीचा अर्थ पातळ होतो, हे सगळं त्यानं कागदावर आयुष्यभर पाहिलं होतं. त्याच्या उमेदवारीच्या काळात जाहिरातींत वाक्यामागे तीन-तीन उद्गारचिन्हं असत. मग कुणालाच त्या उद्गारांचं काही वाटेना आणि एकेक करून ती गळाली. त्याला शिकवणारे म्हातारे मुद्रितशोधक तपकीर ओढता ओढता एकच नियम सांगायचे : शंका आली तर सुधारू नकोस, समासात प्रश्नचिन्ह टाक, लेखकाला विचार. तो नियम त्यानं एकदाच मोडला होता. एका वृद्ध बाईंनी स्वतःच्या खर्चानं आठवणींचं छोटं पुस्तक काढलं होतं. त्यात गेलेल्या मुलाबद्दल त्यांनी लिहिलं होतं, 'त्याला गोड आवडतं'. त्यानं काळाची चूक समजून 'आवडायचं' केलं. पंधरा ठिकाणी केलं. पुस्तक छापून झाल्यावर त्या बाई प्रेसमध्ये आल्या, त्याच्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही मारलंत हो त्याला." अजूनही कधी कधी हिरव्या शाईनं 'आवडायचं' लिहिताना त्याचा हात थांबायचा. चूक वाटली म्हणून चूक नसते, हे तो त्या स्टुलासमोर शिकला होता. आणि इथे एक अख्खी शाळा लेखकाला न विचारता मुंगीचं वाक्य सुधारून बसली होती.

"मला शिकव," तो म्हणाला. "काय?" "हेच. पहिलीतल्या पोराला शिकवतात तसं. तुमचा तो मुलांमुलांचा ग्रुप असेल ना, शिक्षक नसलेला? तो दाखव." मुंगी एकदम आखडली. त्याला कळलं की आपण तिच्याकडे कपाटाची किल्लीच मागितली आहे. "सगळ्यांना विचारते आधी," ती म्हणाली, आणि तिनं खरंच विचारलं : मामाला ग्रुप दाखवू का, तो मला वाचवायचं बघतोय. मिनिटभरात उत्तरांचा पाऊस पडला. बत्तीस जणांनी हो म्हटलं. त्यातल्या अकरा जणांनी ओक्साबोक्शी रडणारी तोंडं पाठवली होती, डोळ्यांतून नळ सोडल्यासारखं पाणी आणि तोंड आ वासलेलं. त्यानं काळजीनं विचारलं, "इतकी का रडतायत ही?" मुंगीनं कपाळावर हात मारला. "मामा, ती हसतायत. तुझ्यावर. म्हणजे प्रेमानं."

प्रेसमधून आणलेल्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा त्यानं टेबलावर ठेवला आणि रकाने आखले. खिडकीत ऊन होतं. गेल्या तीन महिन्यांतला एकेक संदेश ती वाचून दाखवायची, तो हिरव्या शाईनं खूण करायचा. तिला वाटलं होतं मामा दहा मिनिटांत कंटाळेल, पण त्याच्या अंगात आता वारं शिरलं होतं. हसून पाणी आलेलं तोंड का टाकून दिलं, हे तिनं आधी एका वाक्यात सांगितलं, 'सगळे आईबाप वापरतात म्हणून', आणि त्यानं ते मान्य केलं नाही. "तेवढ्यानं नाही होत. आम्ही चमचाही वापरतो, तो तुम्ही टाकला नाहीत." मग ती विचारात पडली. हळूहळू बोलायला लागली, आणि त्याला जाणवलं की तिला हे कुणी आजवर विचारलंच नव्हतं. ते तोंड कीबोर्डवर कायम पहिलं यायचं, म्हणून सगळे कशालाही तेच लावायचे. न हसताही लावायचे. एखाद्याला टोचून बोलायचं आणि राग येऊ नये म्हणून शेवटी ते चिकटवायचं. नंतर त्यात हसू उरलंच नाही. आणि ते तोंड फार नीटनेटकं आहे, ती म्हणाली, दोन थेंब मोजून काढलेले, जणू 'मी आता हसत आहे, कृपया नोंद घ्यावी'. खरोखर हसू आलं की माणूस असा दिसतो का? तो लोळतो, श्वास अडकतो, मेलो मेलो म्हणतो. म्हणून कवटी. हसण्याचं चित्र काढायचंच नाही, हसून काय झालं त्याचं काढायचं. तोंड कोरं ठेवून म्हटल्याची मजा वेगळी. रडणाऱ्या तोंडाचंही तसंच, इतकं हसू आलं की आता आवरत नाही. "मग खरं रडू आलं तर?" त्यानं विचारलं. "तर काहीच टाकत नाही. नुसतं लिहितो. किंवा फोन करतो."

त्यानं पेन खाली ठेवलं. "अगं, पण हे नवीन कुठे आहे? हसून हसून मेले, हसता हसता मेलो, आम्ही हेच तर म्हणतो. माझी आई रोज मरायची. तुमच्या पोरांनी त्यातलं 'हसून' गाळलं आणि 'मेले' ठेवलं, एवढंच." मुंगी त्याच्याकडे बघत राहिली. तिनं हा विचार केला नव्हता. आणि तो मात्र खुर्चीतून उठला होता, खोलीत दोन येरझाऱ्या घालून परत आला होता, कारण त्याला कर्ता सापडला होता. मेले. प्रथम पुरुष, एकवचन. कवटी ज्याच्याबद्दल बोललं जातं त्याची नसते, बोलणाऱ्याची असते! मॅडम हा कर्ता नव्हताच. मॅडम म्हणजे हाक होती. मॅडम, स्वल्पविराम, मेले मी, पूर्णविराम, उद्या? प्रश्नचिन्ह. तीन चिन्हं गळाली होती आणि तेवढ्यानं एका मुलीच्या गळ्याशी आलं होतं. "स्वल्पविराम का नाही टाकलास गं?" तो जवळजवळ ओरडलाच. "स्वल्पविराम कोण टाकतं मामा? पूर्णविराम टाकला तर समोरच्याला वाटतं आपण चिडलोय." तेही त्यानं लिहून घेतलं. नुसतं बंद ओठांचं मंद हसू म्हणजे राग, आणि वर केलेला अंगठा म्हणजे 'पुरे आता', हेही लिहून घेतलं. मालकांना आपण रोज सकाळी अंगठा दाखवतो, हे आठवून तो मनातल्या मनात दचकला.

दिवेलागणीला बेरीज झाली. कवट्या दोनशे चौदा. त्यांतल्या एकशे अडुसष्ट हसण्याच्या. अडतीस लाजेच्या, म्हणजे वर्गात सगळ्यांसमोर शिक्षकांना 'आई' म्हटलं, मेले. पाच अभ्यासानं दमल्याच्या. या दोनशे अकरांमध्ये मरणारा माणूस प्रत्येक वेळी लिहिणारा स्वतः. उरलेल्या तीन मात्र वेगळ्या होत्या : 'तुझ्या बाबांनी बघितलं तर तू' आणि पुढे कवटी. त्या तिन्हींपाशी तो बराच वेळ अडला. मुंगी हळूच म्हणाली, "त्या नको ना दाखवूस." गाळल्या तर गोष्ट किती साफ होत होती. पण जो माणूस नकोसा दशांश बिंदू खोडतो त्याच्या हातून कुणीतरी चुकीचा डोस घेतं, हे त्याच्या हाडीमांसी खिळलेलं होतं. त्यानं तिन्ही लिहिल्या, आणि त्यांच्याखाली हिरवी रेघही मारली.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत लांब टेबल होतं, त्यावर जाड काच, काचेखाली वेळापत्रकं. चौदाव्या वर्षी तो अशाच एका टेबलापुढे उभा होता. निबंधाच्या शेवटी चार उद्गारचिन्हं दिली म्हणून. 'हा फाजीलपणा कुणाला दाखवतोस?' असं विचारलं होतं, आणि त्यानं मान खाली घातली ती घातलीच. खरं तर त्याला तो निबंध लिहून आनंद झाला होता, चार चिन्हांएवढा. ते सांगता आलं नाही. पुढे आयुष्यभर तो दुसऱ्यांची चिन्हं मोजत बसला. आज काचेत त्याला स्वतःचं टक्कल दिसत होतं. समोर मुख्याध्यापिका, त्यांच्या उजवीकडे विश्वस्त, धंद्यानं बांधकामाचे ठेकेदार, बोलताना टेबलावर बोट आपटणारे. डावीकडे गणिताच्या मॅडम. त्याला वाटलं होतं त्या कडक असतील. पण त्यांचे डोळे सुजलेले होते आणि त्या पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळत होत्या. या बाई खरंच घाबरल्या आहेत, हे बघून त्याचा राग निम्मा उतरला.

"आम्ही एवढं गंभीर पत्र लिहिलं," विश्वस्त म्हणाले, "आणि तुम्ही हसलात! पोरगी अशी का, ते तिथेच कळलं." बोट टेबलावर आपटलं. मुंगीनं मान खाली घातली. त्याला ती खाली जाणारी मान दिसली, आणि तो उभा राहिला. उभं राहायची काही गरज नव्हती. "साहेब, तिथूनच सुरुवात करतो," तो म्हणाला. "मला ते तोंड रडणारं वाटलं होतं. मी सहा वर्षं ते मयताच्या घरी पाठवतोय. काल भिंग लावून पाहिलं तेव्हा दात दिसले." मुख्याध्यापिकांनी चष्मा वर केला. "सहा वर्षं! आणि मला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. मालकांचे वडील गेले, मी हसलो, त्यांनी धन्यवाद म्हटलं. का? कारण त्या तोंडाकडे आता कुणी बघतच नाही. सगळ्यांनी सगळीकडे लावून लावून त्यातलं हसू संपवलं. ओळीच्या शेवटी ते असतं, जसा पूर्णविराम असतो. ही पोरं काय म्हणतात? ज्यात हसू उरलं नाही ते हसायला कशाला वापरायचं? त्यांनी दुसरी खूण घेतली. आणि ती कुठून घेतली? तुमच्या-आमच्या तोंडातून. मॅडम, तुम्ही खूप हसलात की काय म्हणता?" मॅडम गोंधळल्या. "म्हणजे... मेले बाई, असं..." आणि त्या मध्येच थांबल्या.

मग त्यानं कागद काचेवर पसरले. आवाज आता त्याचा त्यालाच ऐकू येत होता, स्वच्छ, वर्तमानपत्र मोठ्यानं वाचल्यासारखा. नावं झाकलेली होती, वाक्यं उघडी. दोनशे चौदा कवट्या. कर्ता कोण, ते प्रत्येकीसमोर. "प्रत्येक वेळी लिहिणाराच मरतो?" विश्वस्तांनी अचूक तिथंच बोट ठेवलं. "नाही," तो म्हणाला. "तीन वेळा नाही." मुंगीनं डोळे मिटले. "त्या तीनही मी वर लिहिल्या आहेत. बघा, तिन्हींत 'तू' आहे आणि 'तर' आहे. दुसऱ्याला मारायचं झालं की ही पोरंसुद्धा तसा शब्द लिहितात. या संदेशात तो आहे का? 'मॅडम' आहे, ती हाक. शाळेत दिवसातून शंभरदा मारतात ती. तिच्यापुढे स्वल्पविराम राहिला. चूक असेल तर ती एका स्वल्पविरामाची आहे आणि त्याची शिक्षा तुम्ही द्या, मी हरकत घेणार नाही. पण आमच्या धंद्यात शंका आली तर आधी समासात प्रश्नचिन्ह टाकतात. तुमच्यापैकी कुणी तिला विचारलं, बाई, तुला काय म्हणायचं होतं?"

कुणीच विचारलं नव्हतं. मुख्याध्यापिकांनी मुंगीकडे पाहिलं, आणि ती चटकन बोलून गेली, "मॅडम, तुम्ही निरोप घेऊन या म्हणालात ना, ते फार भारी होतं. मी खरंच हसले. आणि माझं त्रिकोणमितीतलं काहीच झालं नव्हतं. तुम्हाला भीती वाटेल असं माझ्या डोक्यातही नव्हतं. सॉरी मॅडम." विश्वस्त अजून बधले नव्हते. "घरून पाठ करून आणलंय सगळं. मामा हुशार आहेत." तेव्हा त्याच्या तोंडून जे निघालं ते त्यानं आधी ठरवलेलं नव्हतं. "मग मधली सुट्टी झालीच आहे. बाहेरची कुठलीही तीन मुलं बोलवा. तुम्ही निवडा. एकेकटी. मी एक अक्षर बोलणार नाही." एखाद्या पोरानं 'मॅडम मेल्या' म्हटलं असतं तर सगळं संपलं होतं.

विश्वस्त स्वतः दारात गेले. पहिली आली सातवीतली एक दोन वेण्यांची मुलगी, हातात अर्धवट खाल्लेली पोळी. तिला नुसता संदेश दाखवला. तिनं वाचला आणि ती हसली, मग मोठी माणसं बघून गंभीर झाली. "घाबरू नको. काय लिहिलंय?" "हसून मेली ती. आणि उद्या काहीतरी आहे म्हणून वाट लागलीये." "कोण मेलं?" "जिनं पाठवलं ती." "मॅडम नाही?" मुलीनं विश्वस्तांकडे असं पाहिलं की जणू त्यांची तब्येत बरी नाही. "मॅडम कशाला मरतील?" दुसरा आठवीतला, चष्मेवाला, त्यानं तेच सांगितलं, वर विचारलं की मॅडम नेमकं काय बोलल्या होत्या, त्यालाही ऐकायचंय. तिसरा दहावीतला उंच मुलगा, दुसऱ्या तुकडीतला. त्यानं कवट्या बघून तोंड वाकडं केलं. "हसलीये. पण कवटी आता जुनी झाली. आता कोमेजलेला गुलाब टाकतात." मुख्याध्यापिकांना राहवलं नाही. त्यांनी आपल्या फोनवरचा मुद्रितशोधकाचा संदेश नाव झाकून त्याच्यापुढे धरला. "आणि हे?" मुलानं एक नजर टाकली. "हे कुणीतरी काका आहेत," तो म्हणाला. "त्यांना खरंच वाईट वाटलंय."

पहिल्यांदा मॅडम हसल्या. रुमाल तोंडावर दाबला तरी हसू बाहेर आलं. दोन दिवसांची भीती त्यातून निघून चालली असावी, कारण त्या खांदे हलवून हसत राहिल्या, डोळ्यांतून पाणी आलं, "मेले, मेले बाई," असं त्या म्हणाल्या, आणि आपण काय म्हणालो हे कळल्यावर आणखी हसल्या. मुख्याध्यापिका हसल्या. विश्वस्तांनी बोट उचललं आणि ते आपटायचं कुठे हे न सुचून खिशात घातलं. स्कूटरची हवा कुणी सोडली ते मात्र कळलं नाही, ते वेगळं शोधायचं ठरलं. दाखल्याचा कोरा कागद मुख्याध्यापिकांनी फायलीतून काढला, दोनदा फाडला आणि म्हणाल्या, "चाचणी राहिलीये तुमच्या वर्गाची. आता आहे. पळ." मॅडमनी मुंगीच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि निरोप घेऊन ये." मुंगी जाता जाता मामाला बिलगली, एवढी घट्ट की त्याच्या खिशातलं हिरवं पेन त्याच्या बरगडीत रुतलं. "मामा, तू ओरडलास विश्वस्तांवर," ती कानात म्हणाली. "मी कुठे ओरडलो?" "ओरडलास. मस्त ओरडलास."

जिन्यावर तो एकटा उतरत होता तेव्हा वरून आवाज आला. दार उघडं असावं. मुंगीनं वर्गात जाऊन काहीतरी सांगितलं असणार, किंवा मॅडमनी, कारण चाळीस पोरं एकदम खदखदली, बाकं वाजली, कुणीतरी किंचाळलं, पुन्हा सगळी हसली. त्या आवाजात मुंगीचा बारीक आवाज त्याला वेगळा ओळखू आला. बायंडरच्या मुलीला पाठवलेली ती तीन तोंडं त्याला आठवली. मुलगी गुणी म्हणून तीन! त्याच्या पोटातून एक उसळी आली, तो कठडा धरून पायरीवर बसला आणि हसायला लागला. सहा वर्षांचं सगळं एकदम हसला. चौदाव्या वर्षीच्या त्या टेबलापुढे जे हसू गिळलं होतं तेही त्यात असावं. श्वास घेता येईना, चष्मा ओला झाला, बरगड्या दुखायला लागल्या. खालून शिपाई धावत आला, हातात पाण्याचा ग्लास. "साहेब, काय झालं? बरं आहे ना?" त्यानं मान हलवली, ग्लास घेतला, प्यायला गेला आणि पाणी शर्टावर सांडलं.

"मेलो," तो म्हणाला. "मेलो हो मी!"